नळीवरचा हात कोणाकडून मागता येतो?

«ओंबळे तर पोलीसच होते, म्हणजे ते त्यांचं कामच झालं. मग कर्तव्याच्या पलीकडे त्यांनी काय केलं? आणि ते इतकं चांगलं होतं, तर तिथे असलेल्या प्रत्येकाने तेच करायला हवं होतं, असं का नाही म्हणायचं?»

नीतिशास्त्र शिकवताना हे दोन्ही प्रश्न मला जोडीनेच विचारले जातात, आणि ते जोडीनेच यावेत. पहिल्याचं उत्तर त्या रात्रीच्या तपशिलात आहे.

२६ नोव्हेंबर २००८ची रात्र, बारा वाजून गेलेले. गिरगाव चौपाटीजवळ पोलिसांनी नाकाबंदी लावली होती. दोन हल्लेखोर पळवलेल्या स्कोडा गाडीतून तिथे आले, गाडी वळवायला गेले आणि ती दुभाजकावर अडकली. चकमकीत एक जण मारला गेला. दुसरा, अजमल कसाब, गाडीबाहेर आला. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी पुढे होऊन कसाबच्या एके-४७ची नळी धरली. त्याने चाप ओढला. गोळ्या अंगात शिरत असताना ओंबळे यांनी पकड सोडली नाही आणि तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला पकडलं. त्या हल्ल्यातला जिवंत हाती लागलेला तो एकच हल्लेखोर. ओंबळे यांना २००९ साली मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आता यातलं कर्तव्य किती ते मोजून बघा. नाकाबंदीवर हजर राहणं कर्तव्य होतं. समोरून गाडी येताना दिसली म्हणून जागा सोडून पळून न जाणं, हेही कर्तव्यच होतं. कोणी पळाला असता तर त्याची खातेनिहाय चौकशी झाली असती आणि ती योग्यच ठरली असती. पण ओंबळे यांनी बॅरिकेडमागे आडोसा घेतला असता तर? लाठी घेऊन एके-४७समोर न जाणाऱ्या पोलिसाला कोणी नोटीस काढली नसती. वरिष्ठाने ओरडून «जा, नळी धर» असा हुकूम सोडला असता, तर आपण त्या वरिष्ठालाच जाब विचारला असता. पोलिसाच्या नोकरीत धोका पत्करणं येतं, सामान्य माणसापेक्षा कितीतरी जास्त येतं. तरीही त्या नोकरीची एक सीमा आहे, आणि नळीवर हात पडला तो तिच्या पलीकडे.

हीच मोजणी इंग्लंडचे तत्त्वज्ञ जे. ओ. अर्म्सन यांनी १९५८ साली एका छोट्या निबंधात केली होती. त्यांचं उदाहरण सैनिकाचं होतं. सराव चालू असताना हातबॉम्ब चुकून मध्येच पडतो आणि एक सैनिक त्यावर स्वतःला झोकून देऊन बाकीच्यांना वाचवतो. अर्म्सन विचारतात, त्याने तसं केलं नसतं तर सोबत्यांपैकी कोणी त्याला म्हणू शकला असता का, की «अरे, तुझं ते काम होतं»? तोवरच्या नीतिशास्त्रात सहसा कृत्यांचे तीनच कप्पे मानले जात. करायलाच हवं ते, करू नये ते, आणि केलं काय न केलं काय सारखंच ते. त्या सैनिकाची उडी तिन्हींत बसत नाही. ती कोणी मागू शकत नाही, पण तिला «सारखंच» म्हणणंही अशक्य.

आपल्याकडे वेदांतल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या वर्गवारीत वरवर पाहता असा कप्पा सापडतो. नित्यकर्म चुकवलं तर दोष लागतो, काम्यकर्म केलं तर फळ मिळतं आणि नाही केलं तर दोष नाही. चौकट अगदी जुळते. पण काम्यकर्म स्वतःच्या इच्छेपोटी केलं जातं, पुत्र हवा, स्वर्ग हवा म्हणून. नळी धरणाऱ्या हाताला स्वतःसाठी काय हवं होतं? त्यामुळे ही चौकट उसनी घेता येत नाही.

आता दुसरा प्रश्न, प्रत्येकाने तेच करायला हवं होतं असं का नाही म्हणायचं. तो विचारणाऱ्याला कदाचित माहीत नसतं, पण त्यामागे एक पूर्ण सिद्धांत उभा असतो. ज्या कृत्याने सगळ्यांचं मिळून सर्वांत जास्त भलं होतं तेच योग्य, आणि त्याहून कमी ते अयोग्य, असं उपयुक्ततावाद त्याच्या सरळ रूपात सांगतो. एकदा हे मान्य केलं की हिशेब आपोआप पुढे सरकतो. एक जीव गेला, पुढचे कित्येक वाचले, कट उघड झाला. म्हणजे नळी धरणं हे सर्वोत्तम, म्हणून तेच कर्तव्य. म्हणजे ओंबळे यांनी जे केलं ते करणं भागच होतं आणि त्यांच्याआधी नळीपर्यंत पोचू शकणारा पण न पोचलेला प्रत्येक जण चुकला. या सिद्धांतात «चांगलं» आणि «बंधनकारक» यांच्यात फटच नाही, म्हणून शौर्याला जागा नाही. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ साली दुष्काळग्रस्तांना मदत करण्याविषयी लिहिताना हा निष्कर्ष न डगमगता स्वीकारला. ज्याला आपण दानधर्म म्हणतो ते बहुतेक सगळं कर्तव्यच आहे, असं ते म्हणतात. दुष्काळाच्या बाबतीत मला त्यांचं बरंचसं पटतं, कारण तिथे माझ्याकडून मागितलं जातं ते पैसे. नळीच्या बाबतीत अजिबात पटत नाही.

या सिद्धांताच्या पाठीराख्यांकडे यावर एक पळवाट आहे. ते म्हणतात, आडोसा घेणारा चुकला हे खरं, पण त्याला दोष देऊन काही भलं होत नाही, उलट माणसं खचतात. तेव्हा दोष देऊ नये. मला हे मान्य नाही. याचा अर्थ असा होतो की त्या शिपायाला आपण मनात गुन्हेगार ठरवायचं आणि तोंडाने «तुझं काही चुकलं नाही» म्हणायचं. त्याचं खरोखरच काही चुकलं नव्हतं.

गंमत म्हणजे याच परंपरेतल्या जॉन स्टुअर्ट मिल यांना ही फट दिसली होती. उपयुक्ततावादावरच्या त्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात ते म्हणतात की कर्तव्य ही कर्जासारखी वसूल करता येणारी गोष्ट आहे. काही गोष्टी लोकांनी कराव्यात असं आपल्याला वाटतं, केल्या तर आपण वाखाणतो, पण त्या करायला ते बांधलेले नाहीत हे मान्य करतो. माझ्या मते सगळी किल्ली इथे आहे. कर्तव्य कुठे संपतं हे ठरवताना «सर्वांत चांगलं काय» हा प्रश्न विचारायचाच नाही. आपण एकमेकांकडून हक्काने काय मागू शकतो, हे विचारायचं.

जर्मन तत्त्वज्ञ कांटचा मार्ग निराळा, पण अडचण त्यालाही येते. १७८८ सालच्या ग्रंथात तो जहाज फुटल्यावर इतरांना वाचवताना स्वतः बुडणाऱ्या माणसाचा विचार करतो. हे कृत्य काही अंशी कर्तव्य आणि बऱ्याच अंशी पुण्यकारक आहे असं तो म्हणतो आणि लगेच जोडतो, की त्या माणसाने स्वतःप्रति असलेल्या कर्तव्याला धक्का लावलेला दिसतो, त्यामुळे आपला आदर बराच उणावतो. नीतीचं सगळं मोल कर्तव्यबुद्धीतच ठेवलं की हे ओघाने येतं. कर्तव्य ओलांडून दिलेल्या जिवाला मान द्यायला त्याच्याकडे शब्दच उरत नाहीत.

मग कर्तव्याच्या पलीकडे सगळं ऐच्छिक, असं म्हणून मोकळं व्हायचं का? इथे वर्गात मी एक कोडं घालते, ते तत्त्वज्ञ जो हॉर्टन यांनी २०१७ साली मांडलं. ते मी आपल्याकडच्या पावसाळ्यात आणून ठेवते. जुनी इमारत कोसळतेय, स्लॅब खाली येतोय आणि त्याखाली दोन मुलं आहेत. तुम्ही हात घातलात तर दोन्ही हात कायमचे जाणार. हात घालून एकाला ओढता येईल किंवा तेवढ्याच किमतीत दोघांनाही. काहीच न करणं? दोन्ही हात गमावण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, तेव्हा तेही चालेल. पण हात घालून एकालाच ओढलं आणि दुसऱ्याला मुद्दाम तसंच ठेवलं, तर ते भयंकर आहे. आता अडचण बघा. एकाला वाचवणं चुकीचं आणि काहीच न करणं चालेल, तर दोघांना वाचवण्याची तयारी नसलेल्याला आपण «मग तू काहीच करू नकोस» असा सल्ला द्यायचा? एक मूल वाचण्याऐवजी दोन्ही मरू द्यायची?

माझा कल असा आहे. काहीच न करण्याची मुभा मिळते ती हात जाणार आहेत म्हणून. ज्याने हात घातले त्याने ती किंमत देऊन टाकली, त्यामुळे दुसऱ्या मुलाला सोडायला त्याच्याकडे कारणच उरलं नाही. पण तो आत गेलाच नसता तर दुसऱ्या मुलाचं काही बरं झालं नसतं, म्हणून त्याला परत फिरण्याचा सल्ला कोणी देऊ नये. त्याला म्हणायचं ते एवढंच, की दुसऱ्यालाही ओढ. हे उत्तर सगळ्यांना पुरतं असं नाही. पण कर्तव्याच्या हद्दीबाहेर पाऊल टाकल्यावरही माणूस मागण्यांतून पूर्ण सुटत नाही, एवढं त्यातून दिसतं.

एकदा माझ्या एका विद्यार्थिनीने मला हटकलं. तिचे वडील अग्निशमन दलात. ती म्हणाली, «मॅडम, पप्पांना विचारलं की एवढ्या धुरात परत आत का गेलात, तर ते म्हणतात, वर्दी आली की जायचं असतं. ते याला कर्तव्यच म्हणतात. मग ते खोटं बोलतात का?» खोटं नाही बोलत. स्वतःकडून आपण इतरांपेक्षा जास्त मागू शकतो. धुरात परत शिरताना ते स्वतःशी «मला जायलाच हवं» म्हणत असतील, आणि त्याशिवाय बहुधा पाऊल उचललंही जात नसेल. पण हे वाक्य त्यांनीच म्हणायचं आहे. केबिनमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याने तेच वाक्य त्यांना उद्देशून उच्चारलं की त्याचा अर्थ पार बदलतो.

म्हणूनच मी या सीमेवर इतकी अडून बसते. शौर्याला कर्तव्य ठरवलं की ज्यांचं खरंच कर्तव्य होतं ते सुटतात. समोर स्वयंचलित रायफल आणि नाकाबंदीवरच्या माणसाकडे लाठी, या परिस्थितीची जबाबदारी लाठीवाल्याची नव्हती. त्याला शस्त्र आणि चिलखत देणं हे मागता येण्याजोगं कर्तव्य होतं, वसूल करता येण्याजोगं, मिलच्या अर्थाने. कोविडच्या पहिल्या महिन्यांत पीपीई किट न मिळालेल्या परिचारिकांना आपण «योद्धा» म्हणत होतो, तेव्हाही हेच झालं. टाळ्या त्यांना मिळाल्या आणि किटचा हिशेब कोणाकडे मागायचा, हे विचारायचं राहून गेलं.