बावीस तक्रारी, सतरा माणसं

सोमवारी सकाळी मॅडमनी ग्रुपवर एक लांबलचक स्क्रीनशॉट टाकला. आमच्या बस-तिकिटाच्या ॲपवरचे प्ले स्टोअरमधले रिव्ह्यू, एकाखाली एक. खाली सपोर्टमधल्या सहकारिणीनं आकडे लिहिले होते: हँग 6, पैसे 5, ओटीपी 5, बसचं लोकेशन 4, मराठी नाही 2. हँग पहिल्या नंबरावर म्हटल्यावर डेव्हलपर पोराने होमस्क्रीन हलकी करायला घेतलीसुद्धा. मॅडमचा मला वेगळा मेसेज आला, ‘दुपारच्या मीटिंगआधी एकदा तपासून घे.’

मी शीट उघडली आणि आधी नुसते रिव्ह्यू मोजले. स्क्रीनशॉटमध्ये चौकटी 23 होत्या. स्क्रोल करत घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये जोडाच्या जागी मजकूर पुन्हा येतो, तसे दोन रिव्ह्यू दोनदा आले होते. नाव, तारीख, वाक्य, सगळं तेच. शेवटचा तर निम्माच कापलेला, एक तारा दिसतोय आणि मजकूर नाही. उरले 20. त्यातले दोन निव्वळ कौतुकाचे, आणि एकाने फक्त ‘बेकार’ एवढंच लिहिलेलं. त्याला मी ‘कारण दिलेलं नाही’ असा स्वतंत्र रकाना दिला. अशांना अंदाजाने कुठल्यातरी गटात कोंबलं की आकडा फुगतो. म्हणजे तक्रार सांगणारी माणसं 17.

तारे पाहून गाळायचं नाही, हे मी नव्या पोरांना नेहमी सांगतो. इथंच बघा, एकाने पाच तारे देऊन इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: ‘पाच स्टार दिलेत म्हणजे तरी कोणी वाचेल. पैसे गेले, तिकीट नाही, कंडक्टरने उतरवलं.’ तारे बघून चाळलं असतं तर हा कौतुकात गेला असता.

सहकारिणीच्या आकड्यांची बेरीज 22 येत होती, ती चूक नव्हती. पाच जणांनी दोन-दोन तक्रारी केल्या होत्या. फक्त वर ‘17 रिव्ह्यू, 22 तक्रारी’ असं लिहिलेलं नसलं, की वाचणारा 22 माणसं धरून चालतो.

खरी गंमत ‘हँग’मध्ये होती. तिने शब्द धरून गट पाडले होते: ‘हँग’, ‘अटकलं’, ‘गोल गोल फिरतंय’ दिसलं की हँग. मी ते सहा रिव्ह्यू पुन्हा वाचले, या वेळी एकच प्रश्न धरून: माणूस नेमका कुठल्या पायरीवर अडकला? तिघांचं ॲप उघडतानाच बंद पडत होतं. उरलेले तिघे मात्र यूपीआयचा पिन टाकून आमच्या ॲपमध्ये परत आल्यावर अडकले होते. एकाचं वाक्य असं होतं: ‘पिन टाकला, परत आलो तर नुसतं चाक फिरतंय, बस आली आणि गेली.’ पैशांच्या पाच तक्रारीही त्याच वळणावरच्या. मी त्या आठांचा एक गट केला, ‘पेमेंटवरून परतल्यावर तिकीट नाही’, आणि शेजारी नोंद केली की पैसे कापल्याचं स्पष्ट लिहिणारे पाचच आहेत. त्या तिघांचे कापले की नाही ते स्क्रीनशॉटवरून कळत नाही. त्यातल्या एकाचा मजकूर तर ‘आणखी’च्या आत दडलेला, आणि चित्रातलं बटण दाबता येत नाही.

नवी यादी झाली: पेमेंट 8, ओटीपी 5, लोकेशन 4, बंद पडणं 3, मराठी 2. बेरीज तीच, 22.

मीटिंगमध्ये मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘म्हणजे वीसात आठ. चाळीस टक्के लोकांचं पेमेंट फसतंय असं वर कळवू?’ मी म्हटलं, ‘नको मॅडम.’ स्टोअर आधी ‘सर्वाधिक संबंधित’ रिव्ह्यू दाखवतं, नवे नव्हे, आणि नुसते तारे देऊन गेलेले त्या यादीत येतच नाहीत. मुकाट तिकीट काढून बसमध्ये चढणारे तर कुठेच नसतात. आठ हा आकडा कुठे आधी बघायचं ते सांगतो, किती जणांना त्रास आहे ते नाही. त्यासाठी पेमेंटची नोंदवही लागेल. लोकेशनच्या एका रिव्ह्यूला 61 जणांनी ‘उपयुक्त’ म्हटलं होतं, तेही मी चारमध्ये मिळवलं नाही, वेगळ्या रकान्यात ठेवलं.

डेव्हलपरने होमस्क्रीन बाजूला ठेवली आणि ऑफिसातला एक जुना, कमी रॅमचा फोन काढला. त्यावर यूपीआय ॲप उघडलं की अँड्रॉइड मागे राहिलेलं आमचं ॲप बंद करून टाकत होतं. परत आल्यावर ते नव्याने सुरू व्हायचं, आणि चालू व्यवहाराचा क्रमांक त्याच्याकडे राहिलेलाच नसायचा. सपोर्टवाली लगेच म्हणाली, ‘बघा, फोनच जुने, मी म्हणतच होते!’ ते तिचं बरोबर होतं. फक्त होमस्क्रीन कितीही हलकी केली असती तरी तो क्रमांक हरवतच राहिला असता. आता तो पेमेंटला जाण्याआधीच फोनमध्ये साठवायचं ठरलं, आणि त्या आठ जणांना उत्तर लिहून ईमेलवर व्यवहाराचा तपशील मागवायचं काम तिच्याकडे गेलं.