तुम्ही विचारलंत म्हणून: गुन्ह्याच्या अभ्यासातून मुली कुठे गेल्या?

“गुन्हेगारीशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत बायका गुन्हेगार म्हणून नाहीत आणि गुन्हा सोसणाऱ्या म्हणूनही नाहीत. त्या काळच्या अभ्यासकांना बायका दिसतच नव्हत्या का?”

दिसत होत्या. एका गाजलेल्या अभ्यासात तर मुलींनी स्वतः भरून दिलेल्या प्रश्नावल्या संशोधकाच्या हातात होत्या, तरीही त्या बाजूला ठेवल्या गेल्या.

त्याआधी इटलीत लोम्ब्रोझोने १८९३ मध्ये स्त्री गुन्हेगारांवर पुस्तक लिहिलं होतं. कवट्या आणि चेहरे मोजून त्याने असं ठरवलं, की गुन्हा करणारी बाई ही बाई म्हणूनच बिघडलेली असते. हा विचार पुढे पुष्कळ वर्षं टिकला. पण तो उघडउघड चुकीचा असल्यामुळे खोडायला सोपा आहे. खरं नुकसान झालं ते विसाव्या शतकातल्या चांगल्या, काटेकोर अभ्यासांत, म्हणून मी त्यांच्यावर जास्त बोलते.

सुरुवातीला म्हटलेला गाजलेला अभ्यासच, म्हणजे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ट्रॅव्हिस हिर्शी यांचं १९६९ चं पुस्तक घ्या. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या रिचमंड भागातल्या शाळकरी मुलामुलींची १९६४-६५ मध्ये पाहणी झाली होती, तिच्यावर ते उभं आहे. हिर्शींनी प्रश्न उलटा टाकला. माणूस गुन्हा का करतो हे विचारण्याऐवजी बहुतेक लोक तो का करत नाहीत, हे त्यांनी विचारलं. उत्तर असं, की आईबाप, शाळा आणि पुढच्या आयुष्याची आस यांनी माणूस बांधलेला असतो. हे बंध सैल झाले की तो घसरतो.

आता बघा, मुली मुलांपेक्षा कमी गुन्हे करतात हे कुठल्याही देशाच्या आकडेवारीत दिसतं. घर तेच, वस्ती तीच, गरिबी तीच, मग बहीण का घसरत नाही? बंधांचा सिद्धान्त पारखायला याहून चांगली जागा नव्हती. पण पुस्तकात एका ठिकाणी सांगून टाकलंय, की पुढच्या विश्लेषणातून मुली नाहीशा होतात. मुलींना वगळण्याचं समर्थन करणं कठीण आहे आणि आपण लवकरच त्यांच्याकडे परत येऊ, अशी कबुलीही सोबत आहे. त्या पुस्तकात त्या परत येत नाहीत. १९७६ मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी रिचमंडचीच माहिती मुलींसकट तपासली. बंध जमेला धरल्यावर मुलगे-मुलींमधला फरक कमी झाला, पण संपला नाही. म्हणजे सिद्धान्ताने काही सांगितलं आणि काही सुटलं. कुठे सुटलं, हे शोधायला सुरुवातच उशिरा झाली.

काय सुटलं याचा माग प्रश्नावलीतच लागतो. गुन्हा मोजायला सहा प्रश्न होते. दोन डॉलरपेक्षा कमी किमतीची वस्तू चोरली का, दोन ते पन्नास डॉलरची, पन्नासच्या वरची. विचारल्याशिवाय कुणाची गाडी नेली का. दुसऱ्याच्या वस्तूची मुद्दाम नासधूस केली का. कुणाला मारहाण केली का. शेवटच्या प्रश्नात भावंडांशी झालेली मारामारी धरायची नाही, असं बजावलेलं होतं. घरातून पळून जाणं या सहांत नाही.

आणि अमेरिकेतल्या बाल न्यायालयांत मुली येत होत्या त्या मोठ्या प्रमाणात घरातून पळाल्या म्हणून, आईबापांचं ऐकत नाहीत म्हणून. मोठ्या माणसाने केल्या तर ज्या गुन्हा ठरत नाहीत, अशा या गोष्टी. मीडा चेस्नी-लिंड यांनी होनोलुलूच्या बाल न्यायालयाच्या जुन्या नोंदी वाचल्या, तेव्हा या मुलींची शारीरिक तपासणी करायचे सर्रास आदेश सापडले. मुलीचं वागणं लैंगिकदृष्ट्या ‘बिघडलंय’ का, हे न्यायालयाला बघायचं होतं. ती का पळाली, हे विचारणं मागे राहिलं. पुढे अशा मुलींशी बोलल्यावर कळत गेलं, की पुष्कळजणी घरातल्या मारहाणीपासून किंवा लैंगिक अत्याचारापासून पळाल्या होत्या. मग रस्त्यावर पोट भरायला चोरी, देहविक्रय. हिर्शींच्या प्रश्नावलीत वडिलांसारखं व्हायला आवडेल का, असा एक प्रश्न होता. अशा मुलीचं ‘नाही’ हे उत्तर सैल बंध म्हणून मोजलं जाईल. ती तर जीव वाचवत होती. गुन्हेगार आणि पीडित असे दोन वेगळे कप्पे करून बसलात, की ही मुलगी दोन्हीकडून हातातून निसटते.

हेच खुनांच्या आकड्यांतही होतं. मार्व्हिन वुल्फगँग यांनी फिलाडेल्फियातले १९४८ ते १९५२ मधले ५८८ खून तपासले. मेलेल्या माणसानेच आधी हात किंवा हत्यार उचललं असेल, तर त्याला त्यांनी ‘पीडिताने ओढवून घेतलेला’ खून म्हटलं. असे १५० निघाले. नवरा-बायकोंचे खून वेगळे काढले तर बायकोच्या हातून मेलेल्या ४७ नवऱ्यांपैकी २८ जणांनी आधी हात उचलला होता. नवऱ्याच्या हातून मेलेल्या ५३ बायकांपैकी फक्त ५ जणींनी. मार खाणारी बाईच पुढे आरोपी होते, ही गोष्ट १९५८ सालीच छापून आली होती. पण तिच्यावर नीट विचार व्हायला पुढची दोन दशकं गेली.

वुल्फगँग यांच्याच विद्यापीठातले मेनाखेम अमीर यांनी हीच कल्पना बलात्काराला लावली. १९५८ आणि १९६० मधल्या ६४६ पोलीस फायली त्यांनी घेतल्या आणि १२२ प्रकरणं ‘पीडितेने ओढवून घेतलेली’ ठरवली. गफलत कुठे झाली ते इथे अगदी जवळून दिसतं. वुल्फगँगकडे कसोटी होती पहिल्या वाराची, म्हणजे कुणी तरी पाहू शकेल अशा कृतीची. अमीर यांच्या व्याख्येत बाई तयार होती ‘असं वाटलं’ आणि मग तिने माघार घेतली, तिचा प्रतिकार पुरेसा जोरदार नव्हता, तिचं बोलणं किंवा हावभाव आमंत्रणासारखे ‘समजले जाऊ शकले’, हे सगळं बसत होतं. कुणाला वाटलं? आरोपीला, आणि जबाब लिहून घेणाऱ्या पोलिसाला. त्यांचंच मत फायलीत शिरलं आणि फायलीतून १९ टक्के असा आकडा होऊन बाहेर आलं. आकडा आला म्हणजे मोजणी झाली, असं इथे समजायचं नाही.

ही कसोटी आपल्याकडे न्यायालयात दिसली. देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा तो खटला, आरोपी तिथलेच दोन पोलीस. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं आणि मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, हे आपल्या कारणांत धरलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलं. पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या धाकाखाली गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हा त्यामागचा विचार होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही. ‘प्रतिकार पुरेसा नव्हता’ हीच अमीर यांच्या व्याख्येतली ओळ.

उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक मांडला. १९८३ मध्ये पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं: पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने न्यायालयात संमती नव्हती असं सांगितलं, तर संमती नव्हती असंच धरून चालायचं. ती होती हे दाखवण्याचं ओझं आरोपीवर गेलं.