गरमागरम साठ चिठ्ठ्या

परळला उतरायचं होतं आणि मी भायखळ्याला उतरले. ठाण्याहून फास्ट पकडली होती. दादरला उतरून स्लो घ्यायची, एवढंच करायचं होतं. पण मांडीवर भाषणाची टिपणं होती आणि डोकं त्यातच होतं, त्यामुळे दादर येऊन गेलं तरी मी जागेवरच. ‘पुढील स्टेशन’ एवढं कानावर आलं आणि मनाने पुढचा शब्द स्वतःच भरला, ‘परळ’. पिशवी खांद्याला लावून दारात जाऊन उभी राहिले. बाजूच्या बाई म्हणाल्या, “ताई, फास्ट आहे ही. परळला थांबत नाही.” तेव्हा कुठे उद्घोषणेतला खरा शब्द ऐकू आला.

गंमत अशी, की मी निघाले होते नेमकं हेच सांगायला. परळच्या एका कॉलेजात माझी मैत्रीण शिकवते. तिच्या एफवायच्या मुलांना, चॅटबॉट उत्तर कसं तयार करतो ते सोप्या भाषेत सांगायचं होतं. माझं रोजचं काम मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रॅमांशी, म्हणून मला बोलावलेलं. उलटी स्लो पकडून मी वीस मिनिटं उशिरा पोचले आणि टिपणं बाजूला ठेवून सुरुवात या फजितीनेच केली. ‘दादर’नंतर ‘पुढील स्टेशन’ आलं, तर पुढचा शब्द कोणता? मुलं ओरडली, “परळ!” मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “स्लो की फास्ट?”

त्या मुलाने माझं अर्धं भाषण वाचवलं. पुढचा शब्द फक्त आधीच्या दोन शब्दांवरून ठरत नाही. ठाण्याला कधीतरी ऐकलेला ‘जलद’ हा एक शब्द इतक्या वेळानंतरही ‘परळ’ खोडून ‘भायखळा’ पुढे आणतो. आजचे चॅटबॉट ज्या रचनेवर उभे आहेत ती २०१७ साली मांडली गेली. तिची मोठी करामत हीच, की पुढचा शब्द ठरवताना मागच्या सगळ्या मजकुरातला कुठला शब्द आत्ता कामाचा आहे ते ती तोलून बघते. मी ते तोललं नाही, म्हणून भायखळा.

मग चिठ्ठ्या वाटल्या. वर्गात मोजून साठ मुलं होती. फळ्यावर लिहिलं, ‘पावसात भिजून घरी आलं, की गरमागरम’ आणि पुढे रेघ. प्रत्येकाने पुढचा एकच शब्द लिहायचा, शेजारच्याचं बघायचं नाही. चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात गोळा केल्या आणि मोजल्या. चहा ३०, भजी १८, कॉफी ६, वडापाव ४, सूप २. (सूप लिहिणाऱ्या दोघांकडे वर्गाने ज्या नजरेने पाहिलं, ती मी कुठल्याच यंत्राला शिकवू शकणार नाही.)

पहिल्या बाकावरच्या मुलीला डोळे मिटून एक चिठ्ठी काढायला लावली. निघाली ‘भजी’. ती फळ्यावर लिहिली आणि विचारलं, आता पुढे? सगळे एका सुरात म्हणाले, “खावीशी वाटतात.” चहा निघाला असता तर ‘प्यावासा वाटतो’ आलं असतं, कॉफी निघाली असती तर ‘प्यावीशी वाटते’. म्हणजे एक चिठ्ठी काय निघाली, पुढचं लिंग, वचन, क्रियापद, सगळं तिच्यामागे रांगेत उभं राहिलं. आणि ही चिठ्ठी तर बेचाळीस जणांच्या मताविरुद्ध निघालेली!

चॅटबॉट जे करतो ते एवढंच. एक चिठ्ठी काढायची, ती वाक्याला जोडायची, लांबलेला मजकूर पहिल्यापासून पुन्हा हिशेबात घ्यायचा आणि पुढच्या चिठ्ठीसाठी नवा डबा तयार करायचा. उत्तर संपल्याची खूण असलेली चिठ्ठी निघेपर्यंत हे चालू राहतं. स्क्रीनवर उत्तर थोडं थोडं उमटताना दिसतं, ते बहुधा याचमुळे. पूर्ण उत्तर आधी कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

डब्यात आपल्याला पाचच शब्द दिसले. यंत्राच्या डब्यात त्याला माहीत असलेला प्रत्येक तुकडा असतो, कोणाला भरपूर मतं, कोणाला जवळजवळ शून्य. तुकडा म्हणायचं कारण, तो नेहमी अख्खा शब्द नसतो. २०१९ साली आलेल्या जीपीटी-२ या मॉडेलकडे असे ५०,२५७ तुकडे होते आणि दर पावलाला त्या सगळ्यांना मतं वाटली जायची. ही मतं कुठल्या मुलांकडून येत नाहीत, तर हिशेबातून. शिकवताना मॉडेलला अफाट मजकूर दाखवतात, पुढचा तुकडा झाकून ठेवतात, त्याचा अंदाज घेतात, खरा तुकडा उघडून दाखवतात आणि अंदाज जितका चुकला असेल त्या मानाने आतले आकडे किंचित सरकवतात. हे कंटाळा येण्याच्या कितीतरी पलीकडे चालतं. २०२०च्या जीपीटी-३ मध्ये असे सरकवायचे आकडे १७,५०० कोटी होते. शिकून झाल्यावर हाती उरतात ते हे आकडे. वाचलेली पुस्तकं कपाटात लावून ठेवलेली नसतात, जरी खूप वेळा वाचलेला एखादा मजकूर जसाच्या तसा तोंडपाठ निघाला तरी.

इथे एका मुलीने विचारलं, “मॅडम, मग तीसवाला चहाच का नाही काढत दर वेळी?” काढता येतो. त्यासाठी एक खटका असतो, टेम्परेचर नावाचा. त्याचा गरमागरमशी संबंध नाही. खटका निम्म्यावर आणला, की प्रत्येकाच्या मतांचा वर्ग होतो: चहा ९००, भजी ३२४, कॉफी ३६, वडापाव १६, सूप ४. एकूण १,२८०. चहाचा वाटा ५० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेला आणि सूप टक्क्याच्याही खाली बुडालं. खटका दुप्पट केला, की वर्गमूळ. मग चहा ३५ टक्क्यांवर उतरतो आणि सूप ३ टक्क्यांवरून थेट ९ टक्क्यांवर चढतं. खटका शून्याकडे नेला, तर चहाच चहा. उत्तरं ठरावीक येतात, पण त्याच त्या चहासारखी फिकट होत जातात. खूप वर नेला, तर भिजून आल्यावर गरमागरम छत्रीसुद्धा मिळू शकते.

आता सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न आला. हा खोटं का बोलतो? मी म्हटलं, अजून चिठ्ठ्या आहेत ना? दोन वाक्यं फळ्यावर लिहिली. पहिलं, ‘महाराष्ट्र राज्याची स्थापना … साली झाली.’ दुसरं, ‘या कॉलेजचं कॅन्टीन … साली सुरू झालं.’

पहिल्याच्या साठ चिठ्ठ्यांपैकी ५७ वर १९६० निघालं. (दोघांनी १९४७ लिहिलं, एकाने १९६१. असो.) दुसऱ्याची मजा बघा. वर्गात कोणालाच उत्तर माहीत नव्हतं, मलाही नाही. तरी ५९ चिठ्ठ्यांवर व्यवस्थित चार आकडी साल होतं! १९६४, १९७२, १९८५, १९९८, २००३, असं पसरलेलं; कुठलंच साल चारपेक्षा जास्त वेळा नाही. कोणी १८५७ लिहिलं नाही, कोणी ‘मंगळवार’ लिहिलं नाही. सगळी उत्तरं शोभण्यासारखी होती. एकाच मुलाने ‘माहीत नाही’ लिहिलं होतं.

डब्यातून चिठ्ठी काढायचीच आहे, मग निघणार काय? एखादं साल. समजा १९७२ निघालं. ते वाक्यात बसलं, की पुढच्या प्रत्येक डब्यात ते खरं धरूनच मतं पडतात. मग ‘दुष्काळाच्या त्या वर्षात’ अशी सुरुवात होते, अल्पदरात जेवण, तेव्हाचे प्राचार्य, असं सगळं सुरेख मराठीत पुढे येतं. भजी निघाल्यावर ‘खावीशी वाटतात’ आलं तसंच हे. व्याकरण कुठे अडखळत नाही, म्हणून वाचणाराही अडखळत नाही. नवी मॉडेलं उत्तरापूर्वी स्वतःशी लांबलचक कच्चं काम लिहितात. त्यात आधीची चूक पुढे कापली जाऊ शकते, पण ते कच्चं कामही चिठ्ठ्या काढूनच लिहिलेलं असतं.

‘माहीत नाही’वाली चिठ्ठी साठात एक. ती वाढवता येते. मजकुरावरचं शिक्षण झाल्यावर माणसं उत्तरांना बरं-वाईट ठरवून मॉडेलला आणखी घडवतात, तेव्हा अशा जागी कबुली देण्याला जास्त मतं मिळतील असं करता येतं. बेतानेच करावं लागतं. फार वाढवलं, तर १९६०लाही तो ‘माहीत नाही’ म्हणू लागेल.

मुलांना एक उपाय दिला. एखाद्या तपशिलाची शंका आली, की तोच प्रश्न नव्या कोऱ्या संवादात चार-पाच वेळा विचारा. जुन्याच संवादात नको, कारण तिथे पहिलं उत्तर समोर असतं आणि तो त्यालाच धरून बसतो. दर वेळी नवं साल आलं, तर समजा डबा कॅन्टीनचा आहे. त्याच पठडीतला दुसरा प्रश्न मी मुद्दाम टाकला, भारतातली पहिली रेल्वे कधी धावली? वर्ग गरजला, “१८५३! बोरीबंदर ते ठाणे!” मुंबईकर हे साल चुकणार कसा. पण ती पहिली प्रवासी गाडी. मद्रासजवळ रेड हिल्सला दगड वाहण्यासाठी १८३७ सालीच रूळ पडले होते. साठच्या साठ जण एकच सांगत होते आणि प्रश्न जसा विचारला होता, त्याला ते उत्तर धरून नव्हतं. असा प्रश्न चॅटबॉटला पाच वेळा विचारला तरी पाचही वेळा तेच उत्तर येऊ शकतं. तिथे माझा उपाय पांगळा, पुस्तक उघडावं लागतं.

व्याख्यान संपल्यावर मैत्रीण कॅन्टीनमध्ये घेऊन गेली. मागोमाग पाच-सात मुलंही आली, डबा घेऊनच. गल्ल्यावरच्या मामांना त्यांनी विचारलं, “मामा, हे कॅन्टीन कधी सुरू झालं?”

मामांनी चहा गाळता गाळता मान वर केली. “मी पंच्याण्णवला लागलो तेव्हा होतंच. त्याआधीचं मला काय ठाऊक?”

पोरांनी डब्यातून पंच्याण्णवच्या नंतरची सगळी सालं शोधून बाहेर काढली. तेवीस चिठ्ठ्या बाद झाल्या. उरलेल्या कोणत्या बाद करायच्या यावर वाद सुरू झाला आणि मी चहा संपवून निघाले. परळ स्टेशनवर इंडिकेटर दोनदा वाचला.