तीन पाट्या आणि त्यांचा क्रम

यंत्रांवरच्या सुरक्षा-पाट्यांचे भाषांतर हे काम आमच्याकडे ऑडिट तोंडावर आल्याशिवाय कोणाला आठवत नाही. या वेळी मात्र ते वेळेवर आठवले, कारण मेकॅनिकल पॉवर प्रेसवर रुजू झालेल्या नव्या कामगाराला पाट्यांची भाषा वाचता येत नव्हती आणि त्याची भाषा मला येत होती.

प्रेसवर डाय, म्हणजे साचा, बदलण्यासंबंधी तीन पाट्या आहेत. पॅनेलवरची पाटी मोटर बंद करून मुख्य स्विचला कुलूप लावायला सांगते, साच्याजवळची पाटी रॅमखाली, म्हणजे प्रेसच्या वरखाली होणाऱ्या जड भागाखाली, सेफ्टी ब्लॉक हा आधाराचा ठोकळा ठेवायला सांगते आणि हवेच्या व्हॉल्व्हवरची पाटी आतली हवा सोडून द्यायला सांगते. मी तिन्हींचे भाषांतर चिकटवले आणि वाचून दाखवण्याऐवजी त्याला म्हणालो, ‘‘आता डाय काढायची आहे असे समजा आणि मला सगळे नुसते हाताने दाखवा.’’ तो सरळ हवेच्या व्हॉल्व्हकडे गेला. येण्याच्या वाटेवर पहिली पाटी तीच लागते, त्यामुळे त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

रॅमचे वजन तोलून धरणारे बॅलन्स सिलिंडर याच हवेवर चालतात. हवा सोडली की स्प्रिंगने लागणारा ब्रेक तेवढा रॅमला धरून ठेवतो, आणि त्याचे लायनिंग झिजलेले असेल तर रॅम हळूहळू खाली सरकू शकतो. म्हणून ब्लॉक आधी आणि हवा नंतर. पण ब्लॉक हा केवळ रॅमचे वजन पेलण्यासाठी असतो; फ्लायव्हील हे जड चाक फिरत असताना त्याला रॅमशी जोडणारा क्लच लागला, तर त्या धक्क्यापुढे ब्लॉकचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे रॅम वरच्या टोकाला आणणे, मोटर बंद करणे, फ्लायव्हील पूर्ण थांबू देणे, कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणे, मग ब्लॉक आणि शेवटी हवा, असा क्रम मी त्याच्याकडून हाताने करवून घेतला. उत्पादकाच्या पाट्यांवर क्रमाचे आकडे लिहायला सुपरवायझरने नकार दिला (पाट्या जशाच्या तशा असाव्यात हा आग्रह रास्त आहे, फक्त तो एरवी कधी दिसत नाही), म्हणून क्रमाचा स्वतंत्र कागद पॅनेलच्या दारावर लावला.

तेव्हा त्या कामगाराने विचारले, ‘‘चाक थांबले हे मला कळणार कसे?’’ मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील काही मिनिटे फिरत राहते, आणि आमच्या प्रेसवर त्यावर अखंड पत्र्याचे झाकण आहे. फिटर म्हणाले, ‘‘आवाज बंद झाला की समजायचे.’’ शेजारी दोन प्रेस धडधडत असताना हे उत्तर देणाऱ्या माणसाने तिथे उभे राहून कधी ऐकून पाहिले असेल, असे मला वाटत नाही. बोट आत जाणार नाही एवढ्या बारीक जाळीची खिडकी झाकणाला करून द्यावी, असे मी लेखी मागितले आहे. ती होईपर्यंत त्या कामगाराने एकट्याने डाय बदलू नये, एवढे मात्र सुपरवायझरने मान्य केले.