आमची वाटचाल : सात ‘पी’ आणि चार पर्याय

आमची कंपनी लहान आहे आणि काम एकच : मार्केटिंगच्या परीक्षांसाठी आणि कर्मचारी-प्रशिक्षणासाठी बहुपर्यायी प्रश्नसंच तयार करणे. सुरुवातीला मागणी असायची ती पाठांतराच्या प्रश्नांची. ‘खालीलपैकी कोणता घटक सेवा विपणन मिश्रणात येत नाही?’ असे प्रश्न भराभर तयार होतात आणि तितक्याच भराभर सुटतात. पुढे प्रशिक्षण विभागांकडून तक्रार येऊ लागली की सातही नावं घडाघडा म्हणणारा माणूस समोरची अडचण कोणत्या घटकाची हे सांगू शकत नाही. तिथून आम्ही प्रसंगावर आधारित प्रश्नांकडे वळलो.

विपणन मिश्रणाच्या सातही घटकांची इंग्रजी नावं ‘पी’ या अक्षराने सुरू होतात, म्हणून त्यांना ‘पी’ म्हणतात. पहिले चार ‘पी’ म्हणजे वस्तू, किंमत, स्थळ आणि प्रसार. ही मांडणी मॅकार्थी यांनी 1960 मध्ये केली. त्यांवरचे प्रश्न फारसा त्रास देत नाहीत. बूम्स आणि बिटनर यांनी 1981 मध्ये सेवांसाठी जोडलेले पुढचे तीन, माणसं, प्रक्रिया आणि भौतिक पुरावा, हे मात्र एकमेकांत गुंतलेले असतात. सेवा देणारा माणूस, सेवा देण्याची रीत आणि ती दिली जाते ती जागा, तिन्ही गोष्टी ग्राहकासमोर एकाच क्षणी उभ्या असतात. त्यामुळे प्रश्न जरा सैल राहिला की दोन पर्याय बरोबर ठरतात आणि परीक्षार्थी भांडायला येतात. त्यांचं भांडण रास्तच असतं.

एका ग्राहकाने तपासायला दिलेला प्रश्न असा होता : ‘हॉटेलच्या स्वागतकक्षातले कर्मचारी नीटनेटक्या गणवेशात आहेत आणि हसून बोलतात. हे कोणत्या घटकाचं उदाहरण?’ उत्तरसूचीत ‘भौतिक पुरावा’ होतं. हा संच शंभर जणांनी सोडवलेला होता. आम्ही एकूण गुणांनुसार वरचे 27 आणि खालचे 27 वेगळे काढले. वरच्यांपैकी 14 जणांनी भौतिक पुरावा निवडला होता, खालच्यांपैकी 13 जणांनी. फरक एकाचा, त्याला 27 ने भागलं की भेदक्षमता, म्हणजे तयारी असलेले आणि नसलेले परीक्षार्थी वेगळे काढण्याची प्रश्नाची ताकद, येते जेमतेम 0.04. साधारणपणे 0.2 च्या खालचा प्रश्न आम्ही संशयित धरतो, 0.4 च्या वर गेला तर उत्तम. वरच्या गटातल्या उरलेल्या बहुतेकांनी ‘माणसं’ निवडलं होतं, म्हणजे गोंधळ अभ्यास न करणाऱ्यांचा नव्हता.

कारण प्रश्नातच होतं. गणवेश ही डोळ्यांना दिसणारी खूण, म्हणून तो इमारत, फलक, बिल, व्हिजिटिंग कार्ड यांच्या रांगेत भौतिक पुराव्यात बसतो. हसून बोलणं मात्र निवड, प्रशिक्षण आणि प्रेरणा यांतून येतं, ते ‘माणसं’मध्ये. एकाच वाक्यात दोन्ही कोंबले होते. आम्ही हसणं काढून टाकलं आणि प्रश्न बदलला : ‘नवख्या ग्राहकाला सेवा घेण्याआधीच तिच्या दर्जाचा अंदाज यावा म्हणून हॉटेलने गणवेश आणि स्वागतकक्षाची मांडणी बदलली. बदल कोणत्या घटकात झाला?’ पुढच्या तितक्याच मोठ्या गटात वरच्यांपैकी 22 आणि खालच्यांपैकी 9 जणांचं उत्तर बरोबर आलं. भेदक्षमता 0.48.

तेव्हापासून प्रश्न लिहिताना एक कसोटी लावतो : अडचण दूर करायची तर नेमकं काय बदलावं लागेल? दवाखान्यात वेळ घेऊन आलेला रुग्ण तासभर ताटकळतो. डॉक्टर बदलले तरी वेळा देण्याची पद्धत तीच राहिली तर रांग तशीच राहणार, तेव्हा दोष प्रक्रियेचा. वेळा नीट दिलेल्या असूनही एकच कर्मचारी रुग्णावर खेकसत असेल, तर ‘माणसं’. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या, अगदी शिकवणाऱ्यांच्याही, नजरेतून सुटते. या घटकात फक्त कर्मचारी नाहीत, ग्राहकही आहेत. शेजारच्या टेबलावरचा आरडाओरडा तुमचं जेवण बिघडवतो, तोही ‘माणसं’चाच प्रश्न. यावरचा आमचा प्रश्न हुशार मुलांनाही अडवतो, पण त्याची भेदक्षमता चांगली आहे, म्हणून तो आम्ही काढत नाही.

चुकीच्या पर्यायांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. प्रक्रियेच्या प्रश्नात ‘किंमत’ हा पर्याय ठेवला तर त्याला शंभरांत चार-पाच जणही हात लावत नाहीत. तो जागा अडवतो, एवढंच. म्हणून शेवटच्या तीन घटकांवरच्या प्रश्नांत त्या तिघांचेच पर्याय ठेवतो आणि चौथा हवाच असेल तर त्या प्रसंगात खरोखर भुरळ घालेल असा शोधतो. दवाखान्याच्या प्रश्नात ‘स्थळ’ चालतं, कारण ताटकळणं कुठेतरी घडतं, एवढ्यावरूनच काहीजण तिकडे वळतात. तसा चौथा सापडला नाही तर तीनच पर्याय देतो. ग्राहक कुरकुरतात, चार दिसले की संच भरीव वाटतो म्हणतात. मला ते पटत नाही.

भेदक्षमतेचा हा हिशोब लहान वर्गात चालत नाही. वीस-पंचवीसच परीक्षार्थी असतील तर वरच्या-खालच्या गटात पाच-सहा जण येतात आणि एकाने उत्तर बदललं की आकडा हलतो. अशा वेळी आम्ही आकडेमोड बाजूला ठेवतो, चुकलेल्यांना समोर बसवतो आणि तोच पर्याय का निवडला हे त्यांच्याकडूनच ऐकून घेतो.