मुठेचा विसर्ग आणि मुदतवाढीचा ई-मेल

२४ सप्टेंबर

प्रकल्पाची मुदत ३० तारखेला संपते, म्हणून आज मॅडमना मुदतवाढीसाठी ई-मेल पाठवला. पावसामुळे नमुने घेता आले नाहीत, एवढ्याच कारणावर मुदत मागणे मला पटेना. पात्र दुथडी भरून वाहत असताना पाणी का घेतले नाही, असे त्या विचारणारच, आणि तो प्रश्न रास्त आहे.

विठ्ठलवाडीपासून बंडगार्डनपर्यंत मुठेत आणि पुढे मुळा-मुठेत सांडपाण्याचा भार कसा वाढतो, हा माझा विषय. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुरू असला की धरणाच्या पाण्याने सांडपाणी विरळ होते, खळाळामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो आणि सगळीच ठिकाणे जवळपास सारखी दिसू लागतात. मे महिन्यात संगमाखालच्या नमुन्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अ‍ॅझाइड घातल्यावर साका पांढराच राहिला होता, म्हणजे विरघळलेला प्राणवायू जवळजवळ नव्हताच. आज तिथेच तो तपकिरी येईल. पण त्यावरून नदी सुधारली असे लिहिणे सरळसरळ चुकीचे ठरेल. शिवाय भिडे पूल पाण्याखाली असताना तिथला नमुना घेण्याचा प्रश्नच येत नाही.

हे सगळे ई-मेलमध्ये थोडक्यात मांडले आणि तारखांचा हिशेबही दिला. विसर्ग थांबल्यावर रोज एकाच ठिकाणी पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. धरणाच्या पाण्यामुळे ती उतरलेली असते आणि नाल्यांचा वाटा वाढू लागला की चढते. ती स्थिरावली की पात्र नेहमीच्या प्रवाहावर आले असे मी धरणार आहे. नमुना घेतला की प्राणवायू जागेवरच स्थिर करता येतो, पण बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, हे मोजण्याच्या बाटल्या २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवाव्याच लागतात, तिथे घाई करून भागत नाही. पहिली फेरी १ ऑक्टोबरला आणि खात्रीसाठी दुसरी ८ तारखेला घेतली, तर शेवटचे आकडे ११ तारखेला हाती येतील. म्हणून नेमकी १४ ऑक्टोबरपर्यंतची मुदत मागितली. "थोडा वेळ द्यावा" असे मोघम लिहिले असते, तर मॅडमना काही ठरवणेच अवघड झाले असते.

उन्हाळ्यातील निष्कर्ष आणि कार्यपद्धतीचे प्रकरण तयार आहे, ते सोबत जोडले. विसर्ग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही चालू राहिला, तर पावसाळ्यानंतरची तुलना वगळून अहवाल फक्त उन्हाळ्यातील स्थितीपुरता मर्यादित ठेवावा आणि शीर्षकही तसे बदलावे, असा पर्याय शेवटी लिहिला आहे. तुलना हातची जाईल याचे मला फार वाईट वाटेल, तरीही पुराच्या पाण्याचे आकडे त्या रकान्यात भरण्याची माझी तयारी नाही, हेही मी त्यांना स्पष्ट कळवले आहे.