तिला कळायला नको होतं

क्वालिटीच्या टीमकडून सकाळीच एक रेकॉर्डिंग आलं, सोबत एक ओळ : ‘हे ऐका, एजंटला हे कसं कळलं?’

कॉल साधा होता. एक बाई बिल भरायला फोन करतात. आमची एजंट रक्कम सांगते, म्हणते, ‘‘कार्डाचा नंबर मला सांगू नका, फोनच्या कीपॅडवर दाबा,’’ आणि तिच्या स्क्रीनवरचं बटण दाबते. मग सोळा वेळा एकसारखं ‘पीं’ ऐकू येतं. सिस्टिम नंबर चुकीचा असल्याचं दाखवते. यानंतरचं वाक्य क्वालिटीवाल्यांनी अधोरेखित केलं होतं : ‘‘ताई, शेवटून दुसरा आणि तिसरा, तुम्ही एकच आकडा दोनदा दाबलात का? एकदा कार्ड बघून घ्या.’’ पलीकडून उत्तर आलं, ‘‘अगं हो की! चुकलंच.’’

दुसऱ्या वेळी बिल भरलं गेलं. ग्राहक खूश, एजंट खूश. आणि माझ्या पोटात गोळा.

कारण या सगळ्या खटाटोपाचा हेतूच असा, की एजंटला आकडे कळू नयेत. बटण दाबलं की ग्राहक आणि एजंट यांच्या मध्ये आमची यंत्रणा उभी राहते. ग्राहकाचा आवाज ती एजंटकडे जाऊ देते, कीपॅडचे टोन मात्र वाटेतच उचलते. आकडे ओळखून, नंबर जुळला तर थेट पेमेंट गेटवेकडे पाठवते, एजंटच्या कानात प्रत्येक आकड्यासाठी तोच एक सपाट टोन सोडते आणि स्क्रीनवर एक फुली उमटवते. कॉलचं रेकॉर्डिंग एजंटच्या बाजूने होतं, म्हणून त्यातही तो सपाट टोनच जातो. व्यवहार झाला की एजंटला दिसतात फक्त शेवटचे चार आकडे. फुल्यांवरून ‘दोनदा एकच’ हे कुणाला कळणार?

सुपरवायझरला वाटलं, मुलगी काहीतरी लबाडी करतेय. स्क्रीनवरून नाही तर कुठून? तिला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा ती रडायच्या बेतात होती. मी तिला एवढंच विचारलं, ‘‘तुला आकडे ऐकू येतात का?’’

‘‘आकडे नाही, सर. पण त्या ‘पीं’च्या आधी बारीक टिक् होते ना, ती प्रत्येक वेळी वेगळी असते. एकच बटण दोनदा दाबलं तर टिक् सारखी येते. मला वाटलं, सगळ्यांनाच ऐकू येत असेल.’’

मला ऐकू येत नव्हती. पण माझे कान काय, पंधरा वर्षं सर्व्हर रूममध्ये गेलेत.

रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज तपासायच्या प्रोग्रॅममध्ये उघडलं आणि स्पेक्ट्रोग्राम लावला. काळ आडवा, फ्रिक्वेन्सी उभी, असं हे चित्र. सपाट टोनची आडवी रेघ दिसली, आणि प्रत्येक रेघेच्या डाव्या टोकाला दोन छोटे ठिपके, एक खाली, एक वर. आकड्यागणिक ते ठिपके जागा बदलत होते. मुलगी खरं बोलत होती.

कीपॅडचा प्रत्येक टोन मुळात दोन सुरांचा असतो. बटणाच्या आडव्या ओळीचा एक सूर, उभ्या रांगेचा दुसरा. ओळींचे सूर ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ, रांगांचे १२०९, १३३६ आणि १४७७. म्हणजे १ दाबला की ६९७ आणि १२०९ एकत्र वाजतात, ८ दाबला की ८५२ आणि १३३६. हे आकडे असे निवडलेत की माणसाच्या बोलण्यात नेमकी अशी जोडी सहसा येऊ नये. तरी कधीतरी एखाद्याच्या आवाजाने यंत्रणा फसते आणि न दाबलेला आकडा नोंदवते, ते वेगळं.

आता यंत्रणेने टोन ओळखायचा म्हणजे आधी तो थोडा ऐकायला हवा. फोनचा आवाज सेकंदाला ८००० नमुन्यांत कापलेला असतो. आमचा डिटेक्टर एका वेळी २०५ नमुने घेऊन त्यात कुठले दोन सूर जोरात आहेत ते बघतो. २०५ नमुने म्हणजे साडेपंचवीस मिलीसेकंद. तेवढा वेळ टोन ऐकायचा, ‘हा ८ आहे’ असं ठरवायचं आणि मग झाकण घालायचं. पण ठरेपर्यंतचे ते साडेपंचवीस मिलीसेकंद? ते तोवर एजंटच्या कानात पोहोचलेले असतात. आमच्या धंद्यात याला टोन ब्लीड म्हणतात. आणि गंमत अशी (तेव्हा गंमत वाटली नव्हती), की जो तुकडा ओळखायला आमच्या डिटेक्टरला पुरतो, तो दुसऱ्या कुणाच्याही डिटेक्टरला पुरतो. जेवढं ओळखायला लागतं, नेमकं तेवढंच आम्ही सांडत होतो.

तरी खात्री करायला हवी होती. खऱ्या ग्राहकाच्या कार्डावर हा प्रयोग करणं म्हणजे चोरीच, म्हणून सगळ्यांना माहीत असलेला चाचणीचा नंबर घेतला : ४०१२ ८८८८ ८८८८ १८८१. माझ्या फोनवरून कॉल केला, सहकाऱ्याने एजंट बनून बटण दाबलं, मी नंबर दाबला. मग त्या रेकॉर्डिंगमधले सोळा तुकडे कापून एकेकाचे सूर मोजले. पंधरा आकडे स्वच्छ निघाले. एक तुकडा फारच आखूड होता, हाती लागला नाही.

पण त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या नंबरात शेवटचा आकडा तपासणीचा असतो. उजवीकडून एक आड एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट नऊच्या वर गेली तर त्यातून नऊ वजा करायचे, आणि सगळ्यांची बेरीज दहाच्या पटीत यायला हवी. या चाचणी नंबराची बेरीज ९० येते. एक आकडा चुकला तर बेरीज कधीच जुळत नाही, म्हणूनच त्या बाईंचा चुकीचा नंबर गेटवेपर्यंत गेलाच नाही, आमच्याकडेच अडला. पण याच हिशेबाने, पंधरा आकडे हाती असले तर सोळावा आपोआप निघतो. चूक पकडणारी तपासणी इथे चोराच्या बाजूने साक्ष देत होती.

मग प्रश्न उरला की हे आजच का दिसलं. यंत्रणा दोन वर्षं चालू होती आणि दर तिमाहीला आम्ही हीच चाचणी करत होतो. मी जुने कॉल तपासले : ठिपके नाहीत. नव्या कॉलमध्ये काहींत आहेत, काहींत नाहीत. दुपारपर्यंत आम्ही कॉल सेंटरचे आकडे, हेडसेटचे मॉडेल, एजंटची शिफ्ट, सगळं लावून बघितलं. शेवटी फरक सापडला तो कॉल कुठल्या ट्रंकवरून, म्हणजे फोन कंपनीकडून येणाऱ्या कुठल्या जोडणीवरून, आला यात. अकरा दिवसांपूर्वी आम्ही एक जादा ट्रंक जोडली होती. जुन्या ट्रंकवर कॉल लागताना दोन्ही बाजूंच्या यंत्रणांच्या आपसातल्या बोलणीत या ओळी येतात :

```
a=rtpmap:101 telephone-event/8000
a=fmtp:101 0-16
```

याचा अर्थ, दाबलेला आकडा आवाजात न येता वेगळ्या पॅकेटमध्ये येईल, नुसतं ‘८’ असं लिहिलेला. आरएफसी ४७३३ या इंटरनेटच्या मानकातली ही पद्धत. तिथे आमचं काम सोपं : ते पॅकेट उचलायचं आणि पुढे जाऊच द्यायचं नाही. आवाजात टोन नसेल तर सांडायला काही उरतच नाही. नव्या ट्रंकच्या बोलणीत या ओळी नव्हत्याच. तिथे टोन बोलण्याच्या आवाजात मिसळून येत होते, आणि आमचा डिटेक्टर पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने कामाला लागला होता. आमच्या तिमाही चाचण्या सगळ्या जुन्या ट्रंकवरून. त्यातली बरीच चूक माझीच.

सर्वांत आधी कार्डाचे कॉल नव्या ट्रंकवरून काढून जुन्यावर वळवले. मग डिटेक्टरच्या सेटिंगमध्ये आगाऊ बफर शून्यावर होता, तो ५० मिलीसेकंद केला. म्हणजे कार्ड घेण्याच्या काळापुरता ग्राहकाचा आवाज एजंटपर्यंत ५० मिलीसेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्यात डिटेक्टर टोन ओळखतो आणि मागे जाऊन त्याची सुरुवातही पुसतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा एकूण उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत असला की बोलणं अडखळत नाही, त्यामुळे ही ५० ची भर खपून जाते. बफर शून्यावर कुणी ठेवला याची चौकशी झाली. बसवणाऱ्याने तो तसाच सोडला होता, आणि आम्ही तपासला नव्हता.

जास्त घाम फोडला रेकॉर्डिंगनी. अकरा दिवसांच्या त्या कॉलमध्ये कार्ड नंबरच नव्हे, मागचा तीन आकडी सीव्हीव्हीही त्याच तुकड्यांत पडून होता. पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाचा नियम इथे अगदी कडक : व्यवहार मंजूर झाल्यावर सीव्हीव्ही साठवायचाच नाही, कूटबद्ध करूनसुद्धा नाही. लॉगमधून प्रत्येक कॉलची ‘कार्ड घेणे सुरू’ आणि ‘संपले’ ही वेळ काढली, मधला आवाज पुसून तिथे शांतता भरली, आणि बॅकअपच्या प्रतींवर तेच केलं. सुरक्षेच्या लोकांना आणि बँकेच्या बाजूला कळवणं वगैरे त्याच रात्री झालं. एजंटच्या कानात गेलेलं मात्र कुणी पुसू शकत नाही, आणि ग्राहक आकडे दाबता दाबता मोठ्याने म्हणू लागला तर ही सगळी यंत्रणा काही कामाची नाही. रोज एखादा तरी तसा निघतो. एजंटने त्याला मध्येच थांबवायचं, एवढाच उपाय.

संध्याकाळी त्या मुलीला पुन्हा बोलावलं, या वेळी तिचा कान उसना घ्यायला. तिला एजंटचा हेडसेट दिला, मी नव्या ट्रंकवरून फोन केला आणि तोच नंबर दाबला. स्पेक्ट्रोग्राम स्वच्छ होता, नुसत्या सपाट रेघा.

‘‘आता टिक् येत नाही, सर,’’ ती म्हणाली. ‘‘पण मधले सातआठ आकडे एकच आहेत ना?’’

‘‘कशावरून?’’

‘‘भराभर आले. बोट हलवावं लागलं नसेल.’’

त्या रात्री मी घरी उशिरा गेलो. आता सपाट टोन बटण दाबल्याच्या क्षणी वाजत नाही, रांगेत थांबून ठरावीक अंतराने वाजतो. आणि फुल्या चार-चारच्या गटाने उमटतात.